दिवाळीच्या गोड डब्यांची आगाऊ मागणी : दादरच्या घरातल्या नोंदी, सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५

१४ सप्टेंबर, रविवार

यंदा पहिल्यांदाच ओळखीपलीकडच्या लोकांकडून मागणी घ्यायची असं ठरलं. घरात मी, आई (माझ्या सासूबाई) आणि वहिनी. एक शेगडी, दोन मोठ्या कढया. अन्न नोंदणी उन्हाळ्यातच करून घेतली आहे. २०२५ च्या नियमाप्रमाणे वर्षाला १२ लाखांच्या आतली उलाढाल असेल तर साधी नोंदणी पुरत होती, आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये होतं.

डब्यात काय असणार हे नक्की आहे: बेसनाचे लाडू ६, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या ६, अनारसे ६ आणि पाव किलो शंकरपाळे. ओल्या नारळाच्या करंज्या अनेकांना हव्या असतात, पण त्या दुसऱ्या दिवशी आंबूस लागतात. डबा धनत्रयोदशीला घेऊन पाडव्याला उघडणाऱ्या माणसाला त्या देता येणार नाहीत.

आज नमुन्याचे अनारसे तळले आणि पहिले आठही हसले. तुपात सोडल्यावर कड सुटली, जाळी पसरत गेली आणि कढईत नुसता चुरा उरला. आईंनी पिठाचा गोळा बोटांनी दाबून पाहिला. "तांदूळ नीट निथळलेच नव्हते, त्यात गूळ ओला," त्या म्हणाल्या. खरंच, दळताना तांदूळ हाताला चिकटत होते. मूठभर कोरडी तांदळाची पिठी मिसळून गोळा दोन तास झाकून ठेवला. नंतरच्या घाण्यातले चारही टिकले. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा, उलटायचा नाही, वरून झाऱ्याने तूप उडवत राहायचं.

घड्याळ लावून बसले होते. मंद आचेवर एका वेळी चार, एका घाण्याला पाच मिनिटं, म्हणजे तासाला ४८. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. पुढचं सगळं त्याच्यावरच बेतावं लागलं.

२० सप्टेंबर, शनिवार

मागणीच्या संदेशाचा पहिला मसुदा लिहिला. १०० डबे, मागणीची शेवटची तारीख ११ ऑक्टोबर, डबे १७ आणि १८ ऑक्टोबरला संध्याकाळी ५ ते ८, पैसे जीपेने. वाचून दाखवला तेव्हा आई मेथी निवडत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "अगं, मग तांदूळ कधी भिजवणार?"

तिथेच मसुदा पडला. उलट्या बाजूने मोजलं. डबे शुक्रवारी १७ ला, वसुबारसेला, जायला लागणार. म्हणजे अनारसे १५ आणि १६ ला तळायचे. त्याआधी पिठाचा गोळा गूळ घालून निदान पाच-सहा दिवस मुरायला हवा, म्हणून ९ तारखेच्या आत कालवलेला पाहिजे. ८ ला तांदूळ उपसून, सावलीत पंख्याखाली निथळवून दळायचे. त्याआधी तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून. म्हणजे ५ तारखेला तांदूळ पाण्यात पडलेच पाहिजेत, आणि किती किलो ते ४ च्या रात्री कळायला हवं. बेसनाचा लाडू आदल्या दिवशीही वाढवता येतो. अनारशाचं पीठ तेरा दिवस आधी ठरतं.

पण ४ ऑक्टोबर म्हणजे दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी. आपल्याकडे कोजागिरी होईपर्यंत दिवाळीचा विचार कोण करतं? सगळ्यांना ४ ची मुदत दिली तर निम्मे लोक हुकणार. त्यावर वहिनीने तोड काढली: दोन डबे करायचे. 'क' डबा अनारशांचा, मुदत ४ ऑक्टोबर. 'ख' डब्यात अनारशांच्या जागी रव्याचे लाडू ६, मुदत ११ ऑक्टोबर. क ८५० रुपये, ख ७५० रुपये.

मर्यादाही त्याच घड्याळातून निघाली. आई एका बैठकीत तीन तास कढईसमोर बसू शकतात, त्याहून जास्त नाही आणि मी बसू देणारही नाही. दोन संध्याकाळी सहा तास, तासाला ४८ म्हणजे २८८. दहातला एक मोडतो किंवा काळा पडतो असं धरलं तर साधारण २६० हाताशी येतात. डब्यात सहा, म्हणजे ४० डबे काढून थोडे उरतात. क डबे ४०, त्यावर एकही नाही. ख डबे ३०, कारण करंज्या लाटायला येणाऱ्या मावशी तीनच संध्याकाळी मोकळ्या आहेत.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

पितृपक्ष संपला, आज सकाळी संदेश पाठवला. सोसायटीच्या गटात, माझ्या शाळेच्या गटात आणि वहिनीच्या ऑफिसच्या गटात. जसा गेला तसा इथे देते:

> दिवाळीचे गोड डबे. घरगुती, दादर पश्चिम.
> क डबा (अनारसे, बेसन लाडू, करंजी, शंकरपाळे) ८५० रु. फक्त ४० डबे. मागणी शनिवार ४ ऑक्टोबर, रात्री ९ पर्यंत.
> ख डबा (अनारशांऐवजी रवा लाडू) ७५० रु. फक्त ३० डबे. मागणी शनिवार ११ ऑक्टोबर, रात्री ९ पर्यंत.
> करंजी सुक्या खोबऱ्याची. लाडू, अनारसे साजूक तुपातले. बेसन लाडवात काजू, रवा लाडवात बेदाणे आहेत.
> डबे घरी येऊन न्यायचे: शुक्र. १७ संध्या. ६.३० ते ९, शनि. १८ सकाळी ८ ते १० आणि संध्या. ५ ते ७. अर्ध्या तासाला पाचच घरं, वेळ मागणी देतानाच निवडा.
> पैसे आधी, यूपीआयने. पैसे जमा झाले की डबा पक्का.

दुपारपर्यंत ११ डब्यांची मागणी आली. शुक्रवारी रात्री ८.३० ची वेळ पहिल्या तासातच भरली आणि ६.३० ला कुणीच नाही. माझी समजूत होती की लोकांना लवकरची वेळ हवी असेल. पण साडेसहाला चर्चगेटहून निघालेला माणूस हातात करंज्या घेऊन पुढे बोरिवलीच्या गर्दीत चढणार नाही. त्याला गर्दी ओसरल्यावर हवं आहे, किंवा शनिवारी सकाळी. त्याच दिवशी शुक्रवारच्या वेळा सरकवून ७.३० ते १० केल्या आणि गटांत पुन्हा कळवलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पैशांचा गोंधळ झाला आणि पूर्ण संध्याकाळ गेली.

काल रात्री अर्ध्या तासात ८५० रुपये तीनदा जमा झाले. मागणी देणाऱ्या तिघी बायका, पण पैसे आले एका नवऱ्याच्या, एका मुलाच्या आणि एका ओळखीच्या नसलेल्या आडनावाच्या खात्यातून. शेऱ्यात कुणीच काही लिहिलेलं नव्हतं. एकीने पावतीचं चित्र पाठवलं, मी बघून "पक्का" असं उत्तर दिलं. नंतर नीट पाहिलं तर त्यावर 'प्रक्रियेत' असं लिहिलं होतं. पैसे खात्यात आलेच नाहीत, तिचे तिला परत गेले. तिचा काही दोष नाही, तिलाही ते कळलं नव्हतं. पण मी वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण करून बसले होते.

दोन गोष्टी बदलल्या. पहिली, चित्र पाहून कुणालाही पक्कं सांगायचं नाही. बँकेच्या खात्यात रक्कम दिसली की मगच. दुसरी गोष्ट वहिनीने सुचवली आणि तिनेच पुढचा सगळा त्रास वाचवला. प्रत्येक मागणीला क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक रकमेच्या पैशांत घालायचा. १७ क्रमांकाने ८५० नाही, ८५०.१७ भरायचे. शेरा लोक विसरतात, नाव नवऱ्याचं निघतं, पण बँकेच्या संदेशात रक्कम पैशांसकट येते. ९९ मागण्यांपर्यंत हे पुरतं, आमच्या ७० डब्यांना भरपूर.

हाताने ८५०.१७ टाइप करताना लोक ८५० करून मोकळे होतात, म्हणून प्रत्येकाला रक्कम आधीच भरलेला क्यूआर पाठवते. क्यूआर करणाऱ्या कुठल्याही साध्या अ‍ॅपमध्ये ही ओळ टाकायची, `pa` पुढे आपला यूपीआय पत्ता आणि `pn` पुढे आपलं नाव:

```
upi://pay?pa=NAME@BANK&pn=NAME&am=850.17&cu=INR&tn=17
```

एक अडचण लगेच निघाली. तीन क डबे घेणाऱ्या काकांचे २,५५० रुपये जाईनात. फोनवर आलेलं क्यूआरचं चित्र गॅलरीतून उघडून पैसे भरताना २,००० ची मर्यादा आडवी येते. त्यांनी मुलाच्या फोनवर क्यूआर उघडून स्वतःच्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपला आणि पैसे गेले. आजपासून एका घराला जास्तीत जास्त दोन डबे. दोन क डबे १,७०० होतात, मर्यादेत बसतात, आणि ४० डबे दहा घरांतच संपण्याची भीतीही राहत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आठ जणांनी नाव दिलंय, पैसे नाहीत. माझा बेत होता की यूपीआयवरून त्यांना पैसे मागण्याची विनंती पाठवायची. पण आजपासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी विनंती पाठवणं बंद झालं आहे. फसवणुकीसाठी तिचा फार वापर होत होता. बंद झालं ते बरंच झालं, फक्त मला दुसरी वाट काढावी लागली.

नवा नियम: क्रमांक मिळाल्यापासून २४ तासांत पैसे आले नाहीत तर डबा पुढच्याला. सगळ्या आठ जणांना एकेक करून लिहिलं, गटात नाही, कारण गटात नाव घेऊन पैसे मागितलेले कुणालाच आवडत नाहीत. पाच जणांनी तासाभरात भरले. दोघांनी नको म्हणून कळवलं. एकाचं उत्तर नाही, त्याचा डबा मोकळा केला.

४ ऑक्टोबर, शनिवार

रात्री ९ ला वहीत ३७ क डबे, सगळ्यांचे पैसे जमा. तीन शिल्लक, म्हणून मी निवांत होते. जेवताना आई म्हणाल्या, "आणि माझ्या भजनी मंडळातल्या सहा धरल्यास ना?" त्यांनी त्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या होत्या, पेन्सिलीने, नुसती नावं. म्हणजे एकूण ४३.

तांदूळ अजून कोरडेच होते, अर्धा किलो वाढवणं सोपं होतं. पण तांदूळ वाढवून कढईचे तास वाढत नाहीत. ४३ डब्यांना मोडतोड धरून २८७ अनारसे लागतात आणि आमची सगळी बैठक मिळून २८८ चीच आहे. एक घाणा हसला की कुणाचा तरी डबा अपुरा. मी नाही म्हटलं. आईंना वाईट वाटलं, कारण शब्द त्यांनी दिला होता. शेवटी त्यांनी स्वतःच तिघींना फोन केले. दोघींनी ख डबा घेतला, एकीने काहीच घेतलं नाही आणि थोडी नाराजही झाली. पुढे तोंडी मागणी बंद. वही आता टेलिफोनशेजारी असते आणि आईसुद्धा क्रमांक देऊनच मागणी घेतात.

५ ते ९ ऑक्टोबर

जुना तांदूळ ३ किलो भिजवला, रोज सकाळी पाणी बदललं. बुधवारी उपसून सुती धोतरावर पंख्याखाली पसरला. हवा दमट होती, नेहमीच्या तासाभराऐवजी सव्वादोन तास लागले. तांदूळ मुठीत दाबून उघडल्यावर हाताला ओल लागली पाहिजे पण दाणे चिकटता कामा नयेत, तोवर थांबलो. दळून, चाळून अडीच किलो किसलेल्या गुळात कालवला, गोळे करून तुपाचा हात लावून डब्यात बंद केले.

११ ऑक्टोबर, शनिवार

ख डब्यांची मुदत संपली. २७ गेले, तीन शिल्लक राहिले. मुदतीनंतर रात्री अकरापर्यंत नऊ जणांनी विचारलं, त्यातल्या सात जणांना अनारशांचाच डबा हवा होता. उरलेल्या दोघांना मी मुदत संपली म्हणून नाही म्हटलं. ही चूक झाली. ख डब्याची मुदत सामानाच्या खरेदीसाठी होती आणि ३० डब्यांचं सामान मी आधीच आणलेलं होतं. द्यायला हवे होते.

खोकी मंडईजवळच्या घाऊक गल्लीतून आणली. १०० च्या खाली द्यायला तयार नव्हते, ३२ रुपयांना एक. पिशव्या १२ रुपयांना, त्याही शंभर.

१५ व १६ ऑक्टोबर

पहिल्या दिवशी १३५ अनारसे, दुसऱ्या दिवशी १२८. दुसऱ्या दिवशी गोळा जरा कडक वाटला, अनारसा थापताना कडेला चिरा जात होत्या. आईंनी चमचाभर दूध लावून मळला आणि चिरा गेल्या. पिकलं केळंही घालतात, पण मग रंग लवकर गडद होतो. एकूण १७ बाद, हातात २४६. गरज २४० ची.

डबे भरताना करंज्या मोडू लागल्या. आम्ही त्या तळाला ठेवून वर लाडू मांडत होतो. उलटं केलं: तळाला पिशवीबंद शंकरपाळे, त्यावर पुठ्ठा, एका बाजूला लाडू, दुसऱ्या बाजूला करंज्या उभ्या, एकमेकींना टेकून. अनारसे तुपकट असतात म्हणून बटर पेपरच्या पुडीत वेगळे. एक डबा हातात धरून वहिनी दादर ते परळ लोकलने जाऊन आली. सहाही करंज्या शाबूत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

इमारतीच्या जिन्याखाली टेबल मांडलं, वॉचमनकाकांना वेळांची यादी दिली. ७.३० ते ८.३० छान गेलं. नऊच्या वेळेचे लोक साडेनऊला आले, गाड्या उशिरा होत्या. शेवटची अर्ध्या तासाची वेळ मी रिकामी ठेवली होती, ती इथे कामी आली.

रात्री उरलेले डबे मोजले तर यादीत ख असायला हवा होता तिथे क. १४ आणि ४१ क्रमांकांची अदलाबदल झाली होती. पिशवीवर मार्करने लिहिलेला आकडा जिन्याखालच्या पिवळ्या दिव्यात मी उलटा वाचला. ४१ ला क द्यायचा होता, त्यांच्या हातात १४ चा ख गेला आणि अनारसे मिळालेच नाहीत. रात्री साडेदहाला फोन केला. त्या माहीमला राहतात, वहिनी सकाळी जाऊन देऊन आली आणि रव्याचे लाडू त्यांच्याकडेच ठेवायला सांगितले. १४ ला डबाच उरला नव्हता: त्यांनी ख मागितला होता, तो आमच्या शिलकीतल्या तीनपैकी एक भरून सकाळी पाठवला. खरं तर १४ ची माणसं अजून यायचीच होती, पण तोवर ते मला यादीतून कळेना.

रात्रीच बसून उरलेल्या क पिशव्यांना लाल नाडा आणि ख पिशव्यांना पिवळा नाडा बांधला. आता आधी रंग बघायचा, मग क्रमांक, मग नाव विचारायचं.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

सकाळच्या दोन तासांत २० घरं, एकही चूक नाही. फुलबाजारातून झेंडू घेऊन येणारेच बरेच होते.

संध्याकाळ अवघड गेली. रानडे रोडला खरेदीची एवढी गर्दी की गाडीने येणाऱ्यांना आत शिरताच येईना. चौघांनी शिवाजी पार्कजवळून फोन केला, "ताई, इथे आणून देता का?" वहिनी दोन फेऱ्या करून आली आणि तासभर टेबलावर मी एकटी. संदेशात "शनिवारी संध्याकाळी गाडी आणू नका, स्टेशनवरून चालत दहा मिनिटं" एवढी एक ओळ हवी होती. दोन डबे रात्रीपर्यंत कुणी नेले नाहीत. रविवारी दुपारी नेले. न नेलेल्या डब्याचं काय, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज झाली, हिशेब केला. जमा: क ४० चे ३४,००० आणि ख २७ चे २०,२५०, एकूण ५४,२५० रुपये, वर क्रमांकांचे सुटे पैसे. खर्च: सामान २१,४००, खोकी ३,२००, पिशव्या १,२००, मावशींचे २,४००, गॅस १,१००, एकूण २९,३००. उरले २४,९५०. आम्हा तिघींचे मिळून साधारण १२० तास गेले, म्हणजे तासाला दोनशेच्या थोडं वर. आईंच्या हिशेबात हे चांगले पैसे आहेत. मला वाटतं क डबा ९०० चा हवा, कारण ज्याच्यासाठी लोक मुदतीनंतरही विचारत होते तो अनारसाच सगळ्यांत जास्त वेळ खातो.

तीसेक खोकी उरली आहेत, ती कोरड्या पिशवीत माळ्यावर. पुढच्या वर्षीच्या संदेशाच्या मसुद्यात आज या ओळी घातल्या:

> एका घराला दोन डबे. मागणी फक्त क्रमांक मिळाल्यावर धरली जाईल, तोंडी नाही.
> क्रमांक मिळाल्यावर २४ तासांत क्यूआरवरची नेमकी रक्कम पैशांसकट भरा. पावतीचं चित्र पाठवायची गरज नाही, पैसे खात्यात दिसले की आम्हीच कळवू.
> क डब्याची मुदत वाढणार नाही, कारण दुसऱ्या दिवशी तांदूळ भिजतात. ख डबे शिल्लक असेपर्यंत देऊ.
> धनत्रयोदशीच्या संध्याकाळी गाडी आणू नका. ठरल्या वेळी न नेलेला डबा दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत ठेवू.
> लाल नाडा क, पिवळा नाडा ख. नेताना उघडून बघा.